धागा: कंपनीचं मर्जर होतंय, माझे 34 लाख अडकलेत. ट्रिब्युनलच्या पत्राला उत्तर द्यायचं की गप्प बसायचं?

वाळूजचा_टर्नर

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, तीन सीएनसी आणि दोन जुनी लेथ. गेली बरीच वर्षं एका कंपनीला जॉबवर्क करून देतो. नाव घेत नाही, तुम्हीही विचारू नका. इथं तिला मोठी म्हणू. या मालकांचीच दुसरी एक कंपनी आहे, ती धाकटी. धाकटी तोट्यात आहे हे अख्ख्या वाळूजला माहीत आहे. आता धाकटी मोठीत विलीन होणार.

परवा रजिस्टर पोस्टानं जाडजूड पाकीट आलं. आत स्कीमची, म्हणजे मर्जरच्या आराखड्याची प्रत आणि एक पत्र. त्यात लिहिलंय की एनसीएलटी मुंबईच्या, म्हणजे कंपन्यांच्या ट्रिब्युनलच्या आदेशानुसार तुम्हाला विनातारण धनको म्हणून कळवण्यात येते, काही म्हणणं असेल तर 30 दिवसांत ट्रिब्युनलकडे मांडा आणि प्रत कंपनीला द्या, नाही मांडलं तर काही म्हणणं नाही असं धरलं जाईल. खाली एक ओळ: आमच्या पुस्तकांप्रमाणे 30 सप्टेंबरला तुमचं येणं 27.9 लाख.

माझ्या पुस्तकात 34.6 लाख आहे. अकाउंट्सला फोन केला तर "मर्जर झाल्यावर बघू" म्हणायलेत. मीटिंगची तारीख कुठंच नाही. मीटिंग न घेता मर्जर होतं का? आणि मी लिहिलं तर पुढचं काम बंद करतील ही भीती आहेच.

जालना_सळई

पाच टक्के आहे का तुमचं? नसेल तर कायदा तुम्हाला बोलूच देत नाही. कंपनी कायद्याच्या कलम 230 मध्ये स्पष्ट आहे, शेअरवाला असेल तर 10 टक्के आणि धनको असेल तर 5 टक्के. त्याखाली हरकत चालत नाही. विनातारण धनकोंच्या एकूण रकमेवर पाच टक्के काढा आणि बघा. बसत नसेल तर टपाल खर्चसुद्धा करू नका. फारच खाज असेल तर आयबीसी, म्हणजे दिवाळखोरी कायदा लावा, दहा दिवसांत पैसे येतात.

लातूरचे_गुरुजी

माझंही असंच पत्र आलं आहे! माझ्याकडे एका कंपनीचे 100 शेअर आहेत, 1990 च्या दशकातले, कागदी. ती कंपनी आता दुसरीत विलीन होते आहे म्हणे. माझे पैसे बुडाले का? आणि हे 30 दिवसांचं मलाही लागू आहे का? शेअर सर्टिफिकेटवर आमच्या मंडळींचं नाव पहिलं आहे, त्या आता नाहीत.

फाइलवाली

गुरुजी, तुमचं वेगळं आहे, त्याकडे येतेच. आधी दादांचं बघू. मी कंपनी सेक्रेटरी आहे, संभाजीनगरातच प्रॅक्टिस, अशा फायली घेऊन मुंबईत कफ परेडला ट्रिब्युनलकडे बऱ्याचदा जावं लागतं.

मीटिंग नाही हे बेकायदा नाही, आणि मुंबईत तर हे नेहमीचं आहे. आधी दोन्ही कंपन्यांचे बोर्ड स्कीम मंजूर करतात, मग ट्रिब्युनलकडे पहिला अर्ज जातो. या टप्प्यावर ट्रिब्युनल एवढंच ठरवतं की कोणाकोणाच्या सभा घ्यायच्या. धनकोंना कमी पैसे घ्या, उशिरा घ्या असं स्कीम म्हणत असेल तर धनकोंची सभा सहसा घ्यावी लागते. पण स्कीम फक्त शेअरहोल्डरांमधली असेल, धनकोंच्या रकमेला हात लावलेला नसेल आणि विलीन झाल्यावरही कंपनीची नक्त मत्ता, म्हणजे मालमत्ता वजा देणं, धन राहत असेल, तर कंपनी म्हणते की यांच्याशी काही तडजोडच नाही, सभा कशाला? ट्रिब्युनल बऱ्याचदा ते मान्य करतं आणि बदल्यात सांगतं की मग प्रत्येक धनकोला वैयक्तिक पत्र पाठवा. दादा, तुमच्या हातात आहे ते हेच पत्र. सभा नसल्यामुळे तुमच्याकडे मत नाही. बोलायची तुमची जागा म्हणजे हे पत्र, म्हणून ते कपाटात ठेवू नका.

जालनेकर, 5 टक्क्यांची अट आहे हे बरोबर. पण ती विनातारण धनकोंच्या रकमेवर मोजायची नाही. ताज्या ऑडिट झालेल्या ताळेबंदातल्या एकूण थकीत कर्जावर मोजायची, म्हणजे बँकेचंही त्यात आलं. त्यामुळे उंबरठा तुम्ही म्हणता त्यापेक्षाही उंच होतो.

आयबीसीचा प्रश्नच येत नाही. थकबाकी किमान एक कोटी लागते, 2020 पासून. दादांचे 34 लाख आहेत.

जालना_सळई

मग मी काय वेगळं बोललो? बोलता येत नाही म्हणालो, तुम्ही म्हणताय आणखीनच बोलता येत नाही.

फाइलवाली

हरकत घेणं वेगळं आणि म्हणणं मांडणं वेगळं. हरकतदार म्हणून वकील उभा करून स्कीम अडवायची असेल तर तो उंबरठा लागतो. पण ट्रिब्युनलच्याच आदेशानं आलेल्या पत्राला उत्तर देणं, "माझी रक्कम चुकीची दाखवली आहे" असं कागदावर आणणं, याला कुणी अडवत नाही. बेंच ते कितपत मनावर घेईल हे बेंचवर आहे. काही वेळा कंपनीच्या वकिलाला तिथेच विचारतात, याचं काय? काही वेळा "उंबरठ्याखाली आहे, नोंद घेतली" म्हणून पुढे जातात.

दादा, पत्रासोबत दोन्ही कंपन्यांचे ताळेबंद आहेत का? विलीन झाल्यावरची नक्त मत्ता दाखवणारं सीएचं प्रमाणपत्र आहे का? आकडे टाका, कंपनी ओळखू येणार नाही असे गोळाबेरीज करून.

वाळूजचा_टर्नर

ताई, शोधलं. मोठी: मालमत्ता 96 कोटी, बाहेरचं देणं 58 कोटी, त्यात बँक 30. धाकटी: मालमत्ता 21 कोटी, देणं 33 कोटी, त्यात बँक 18. आणि एक गंमत सापडली, धाकटीनं मोठीकडूनच 9 कोटी उसने घेतलेत. ते दोन्हीकडे दिसतायत.

फाइलवाली

आता यातच सगळी गोष्ट आहे, सावकाश बघा.

मोठीकडे आज 58 देण्यासमोर 96 ची मालमत्ता आहे. म्हणजे 100 रुपये देण्यामागे 166 ची. धाकटीचं उलटं, 33 देण्यासमोर 21, बारा कोटीचा खड्डा. विलीन झाल्यावर ते 9 कोटी स्वतःचंच स्वतःला देणं होतं म्हणून दोन्ही बाजूंनी उडतात. मालमत्ता 96 अधिक 21 वजा 9, म्हणजे 108. देणं 58 अधिक 33 वजा 9, म्हणजे 82. नक्त मत्ता 26 कोटी, धन. म्हणून सीएनं प्रमाणपत्र दिलं आणि सभा टळली. सगळं नियमात.

पण 100 रुपये देण्यामागची मालमत्ता 166 वरून 132 वर आली. लोकांना वाटतं मर्जरमध्ये बुडणाऱ्या कंपनीचे धनको मरतात. इथं उलट आहे. धाकटीच्या धनकोंना सशक्त ऋणको मिळाला आणि दादांसारख्या मोठीच्या धनकोंच्या डोक्यावर धाकटीचा खड्डा आला. त्यातही ते 9 कोटी मोठीच्या 96 मध्ये मालमत्ता म्हणून मोजलेले आहेत. धाकटी ते कधी फेडणार होती का, हा प्रश्न विलीनीकरणानं कायमचा पुसला जातो.

5 टक्के म्हणाल तर 58 कोटीवर 2.9 कोटी होतात. तुमचे 34 लाख म्हणजे जेमतेम 0.6 टक्के.

नांदेड_निवृत्त_बँकर

सातबाऱ्यावर बोजा असलेली जमीन विकत घेतली की बोजा सोबत येतो, तसंच आहे हे. फक्त इथं विकत घेणारा आणि विकणारा एकाच घरातले.

बँकेच्या बाजूनं दोन शब्द. कायद्यानं सभा टळली तरी बँक आपली ना-हरकत लेखी देईपर्यंत कंपनी पुढे सरकत नाही, कारण कर्जाच्या करारातच तशी अट असते. आम्ही ना-हरकत देताना दोन गोष्टी बघायचो. एक, आमचा तारणाचा हक्क जसाच्या तसा राहतो का. दुसरं, मालकांची वैयक्तिक हमी सुटत तर नाही ना. स्कीममध्ये एक कलम असतं की धाकटीच्या बँकेचा बोजा धाकटीच्या मालमत्तेपुरताच राहील, मोठीच्या मालमत्तेवर पसरणार नाही. टर्नरसाहेब, ते कलम तुमच्या स्कीममध्ये आहे का बघा. नसेल तर मोठीच्या मोकळ्या मालमत्तेवर धाकटीची बँक हात मारू शकते आणि तुमच्यासारख्यांना आणखी कमी उरतं.

वाळूजचा_टर्नर

आहे साहेब, "एन्कम्ब्रन्स" असं काहीतरी मोठ्या परिच्छेदात. वाचलं, मोठीच्या मालमत्तेवर पसरणार नाही असंच आहे.

जालना_सळई

एक सांगून टाकतो. टर्नरभाऊंना व्यनि केला, कंपनी कोणती ते कळलं. मी धाकटीला सळई आणि राउंड बार देतो. माझे तिथं 52 लाख अडकलेत, वर्ष झालं. हे मर्जर झालं तर माझे पैसे मोठी देणार. म्हणून मी म्हणतोय, उगाच गोंधळ घालू नका. स्कीम अडली तर धाकटी सहा महिन्यांत बसेल आणि आमच्या हातात काही नाही येणार.

परभणी_बाभळी

घ्या! पहिल्या प्रतिसादापासून गप्प बसा गप्प बसा चाललं होतं ते यासाठी.

जालना_सळई

बाभळीराव, 52 लाख तुमचे अडकले असते तर तुम्हीही असंच बोलला असता. मी चुकीचा कायदा सांगितला नाही.

वाळूजचा_टर्नर

जालनेकर, तुमचे पैसे मिळावेत असंच मला वाटतं. पण तुमचे 52 लाख माझ्या पैशातून का?

फाइलवाली

दोघांचंही बरोबर आहे आणि म्हणूनच ट्रिब्युनल असतं. पण दादांनी स्कीम अडवायला निघावं असं मी म्हणतच नाहीये, ती अडणारही नाही. त्यांचा खरा प्रश्न 6.7 लाखांचा फरक आहे. 34.6 आणि 27.9 मध्ये काय आहे ते आधी फोडा. मंजुरीनंतर धाकटीची सगळी देणी कायद्यानंच मोठीकडे जातात, पण किती देणं हे पुस्तक ठरवतं. आज यादीत 27.9 दिसतंय, तुम्ही गप्प राहिलात, तर उद्या कोर्टात कंपनी म्हणेल की ट्रिब्युनलपुढे तुम्ही हा आकडा पाहिलात आणि काही बोलला नाहीत. कायदेशीरदृष्ट्या त्यानं तुमचा हक्क मरत नाही, पण वाद लांबतो.

वाळूजचा_टर्नर

फोडलं. 2.5 लाखांची बिलं 30 सप्टेंबरनंतरची आहेत, ती त्यांच्या यादीत असूच शकत नाहीत हे पटलं. उरलेले 4.2 लाख म्हणजे रिजेक्शनचे डेबिट नोट. हाउसिंगच्या एका लॉटमध्ये बोअर मोठा झालाय असं त्यांचं म्हणणं. माल परत पाठवला नाही, इन्स्पेक्शन रिपोर्ट दिला नाही, सरळ डेबिट टाकलं. मी तेव्हाच ईमेलवर नाकारलं होतं.

फाइलवाली

मग काम सोपं झालं. उत्तर दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. वर अर्जाचा क्रमांक, जो पत्रात असतोच. मग तुमचं नाव, उद्यम नोंदणी क्रमांक. मग सरळ वाक्य: कंपनीनं दाखवलेली रक्कम मान्य नाही, 30 सप्टेंबर रोजी 32.1 लाख येणं होतं, त्यातले 4.2 लाखांचे डेबिट आम्ही अमुक तारखेच्या ईमेलनं नाकारले आहेत. सोबत लेजर, डेबिट नोट, तो ईमेल. शेवटी विनंती: स्कीमला विरोध नाही, पण वादातल्या रकमेसह आमची सर्व देणी विलीन कंपनी देईल असं कंपनीनं शपथपत्रावर सांगावं.

"विरोध नाही" हे मुद्दाम लिहा. मग 5 टक्क्यांचा मुद्दा कुणी काढू शकत नाही, आणि कंपनीच्या वकिलालाही असं शपथपत्र देऊन टाकणं सोपं पडतं. प्रत केंद्र सरकारच्या कंपनी खात्याच्या रीजनल डायरेक्टरना पाठवा. केंद्र सरकार, इन्कम टॅक्स, रजिस्ट्रार, ऑफिशियल लिक्विडेटर अशा सगळ्यांना कंपनीला नोटीस द्यावीच लागते आणि त्यांना म्हणणं मांडायला 30 दिवस असतात. रीजनल डायरेक्टरचा अहवाल बेंच वाचतंच वाचतं. त्यात "धनकोची तक्रार आली आहे, कंपनीनं खुलासा करावा" एवढी ओळ आली तरी कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं. माझ्या अनुभवात तुमच्या स्वतःच्या पत्रापेक्षा त्या ओळीचं वजन जास्त.

आणि उद्यम नोंदणी असेल तर मर्जरशी संबंध नसलेला एक हक्क तुमच्याकडे आहेच. लघुउद्योग असाल तर फार तर 45 दिवसांनंतर व्याज लागतं, बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ. त्यासाठी सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. मर्जर चालू आहे म्हणून तो अर्ज थांबत नाही.

जालना_सळई

उद्यम माझंही आहे. मलाही मिळेल का ते व्याज?

फाइलवाली

तुम्ही स्वतः सळई बनवता की घेऊन विकता?

जालना_सळई

घेऊन विकतो.

फाइलवाली

मग नाही. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. उशिराच्या पेमेंटचं संरक्षण उत्पादन आणि सेवा करणाऱ्यांनाच आहे.

लातूरचे_गुरुजी

ताई, माझं राहिलं.

फाइलवाली

गुरुजी, विसरले नाही. तुमचे पैसे बुडाले नाहीत. तुमची कंपनी विलीन झाली की तिचे शेअर रद्द होतात आणि बदल्यात घेणाऱ्या कंपनीचे मिळतात. किती मिळणार ते अदलाबदल प्रमाण स्कीममध्ये असतं. काय आहे तुमचं?

लातूरचे_गुरुजी

प्रत्येक 7 शेअरला 3 असं लिहिलं आहे. माझे 100, म्हणजे 42.857 येतात. बिंदूनंतरच्या शेअरचं काय करायचं?

फाइलवाली

42 शेअर आणि उरलेल्या तुकड्याचे पैसे. असे सगळ्यांचे तुकडे एका ट्रस्टीकडे गोळा होतात, तो पूर्ण शेअर करून बाजारात विकतो आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला रक्कम देतो. तुमच्या स्कीममध्ये वेगळं असेल तर ते लागू, शेअरच्या वाटपाच्या कलमात बघा.

पण तुमचा खरा धोका प्रमाणात नाही, कागदात आहे. लिस्टेड कंपनी नवे शेअर डीमॅटमध्येच देते. कागदी सर्टिफिकेटवाल्यांचे शेअर सहसा वेगळ्या सस्पेन्स खात्यात जाऊन बसतात आणि मग ते सोडवायला फेऱ्या माराव्या लागतात. नवे शेअर कुणाला ते ज्या तारखेच्या नोंदीवर ठरतं त्या रेकॉर्ड डेटच्या आधी दोन कामं करा: मंडळींचं नाव कमी करून शेअर तुमच्या नावावर, आणि मग डीमॅट. केवायसीचा आयएसआर-1 फॉर्म, मृत्यूचा दाखला, सर्टिफिकेट हे कंपनीच्या रजिस्ट्रार-ट्रान्सफर एजंटकडे जातं, ट्रिब्युनलकडे नाही. जुन्या लाभांशाचे वॉरंट वटवले होते का? सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीकडे गेलेले असू शकतात. मग आधी तिथून परत मागावे लागतील.

लातूरचे_गुरुजी

वटवले नसावेत. ते सगळं मंडळीच बघायच्या. बघतो. आणि मतदानाचं पत्र आलं आहे त्याचं काय? 100 शेअरवाल्याच्या मतानं काय होणार?

फाइलवाली

शेअरहोल्डरांच्या सभेत दोन कसोट्या आहेत. मत देणाऱ्यांमध्ये डोकी मोजली तर बहुमत हवं, आणि त्यांच्या शेअरच्या किमतीत तीन चतुर्थांश. दुसऱ्या कसोटीत तुमचे 100 शेअर नगण्य आहेत. पहिल्या कसोटीत तुमचं डोकं आणि लाख शेअरवाल्याचं डोकं सारखंच. आणि मोजणी फक्त मत देणाऱ्यांची होते, घरी बसलेले कुठल्याच बाजूला धरले जात नाहीत. लिस्टेड कंपनीत काही प्रकारच्या स्कीममध्ये सेबीची आणखी एक अट असते, की प्रवर्तक सोडून सामान्य भागधारकांमध्ये स्कीमच्या बाजूची मतं विरोधातल्या मतांपेक्षा जास्त हवीत.

नांदेड_निवृत्त_बँकर

प्रमाण पटत नसेल तर कोर्ट बदलून देतं का? माझ्या माहितीप्रमाणे नाही. 1994 मध्ये टाटांची टॉमको हिंदुस्थान लिव्हरमध्ये गेली तेव्हा 15 टॉमकोला 2 लिव्हर होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण झालं आणि स्कीम टिकली. 1996 च्या मफतलाल निकालातही तेच, की भागधारकांच्या व्यापारी शहाणपणावर कोर्ट अपिलात बसत नाही.

फाइलवाली

साहेब, अर्धं बरोबर. मफतलालमध्येच न्यायालयानं सांगितलं की कोर्ट नुसता शिक्का मारायला नाही. वर्ग नीट पाडले का, महत्त्वाची माहिती दिली का, बहुमत प्रामाणिकपणे वागलं का, हे बघायचंच. आणि 2017 मध्ये विकी किड्स आणि अवंतेलच्या प्रकरणात भागधारकांची मंजुरी असतानाही स्कीम नाकारली गेली आणि अपिलात वरच्या ट्रिब्युनलनं, एनसीएलएटीनं, तो नकार कायम ठेवला, कारण फायदा मुख्यतः प्रवर्तकांकडे जात होता. त्यामुळे मूल्यांकन अहवाल वाचताना प्रमाण शेवटी बघा. आधी बघा की विकली जाणारी कंपनी कुणाची आहे आणि तिच्या बदल्यात नवे शेअर कुणाच्या हातात पडतात. दादांच्या केसमध्येही धाकटीचे मालक तेच आहेत. बारा कोटीच्या खड्ड्यासाठी त्यांना मोठीचे किती शेअर मिळणार?

वाळूजचा_टर्नर

ते बघितलंच नव्हतं. थांबा... धाकटीच्या 100 शेअरला मोठीचा 1. पण धाकटीचे जवळपास सगळे शेअर मालकांच्याच घरात आहेत.

फाइलवाली

म्हणजे नावापुरतं दिलंय. ऋण नक्त मत्तेच्या कंपनीला तेवढंच द्यायला हवं. तिथं बोट ठेवायला फार जागा नाही.

परभणी_बाभळी

एक शंका. टर्नरभाऊंसारखे वीस-पंचवीस जॉबवर्कवाले एकत्र आले तर त्यांची बेरीज 2.9 कोटीवर जाईल की. मग हरकत चालेल?

फाइलवाली

कलमात "व्यक्ती" अनेकवचनी आहे म्हणून बेरीज चालावी असं माझं मत. पण मी स्वतः असं प्रकरण लढवलेलं नाही, आणि समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल. वर वीस-पंचवीस सप्लायर एकत्र सह्या करणार आणि परचेसवाला एकेकाला फोन करणार. किती सह्या टिकतील सांगा.

परभणी_बाभळी

दोन. एक टर्नरभाऊंची आणि एक ज्याचं काम आधीच बंद झालंय त्याची.

नांदेड_निवृत्त_बँकर

मी सहमत नाही. प्रत्येकाची हरकत वेगळी, प्रत्येकानं वेगळा उंबरठा गाठावा, असाही युक्तिवाद होऊ शकतो. वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेनं जाऊ नका.

वाळूजचा_टर्नर

अपडेट देतो. ताईंनी सांगितलं तसं दोन पानांचं उत्तर दिलं. मूळ ट्रिब्युनलला, प्रती कंपनीला आणि रीजनल डायरेक्टरला, तिन्हींच्या पावत्या जपून ठेवल्यात. आठवड्यात अकाउंट्सचा स्वतःहून फोन आला. एवढी वर्षं नुसता मी फोन करायचो. रिकन्सिलिएशनला बोलावलं. 2.5 लाखांची नंतरची बिलं त्यांनी मान्य केली. 4.2 मधले 1.6 लाखांचे डेबिट मागे घेतले, कारण त्या लॉटचा माल त्यांनीच पुढे असेंब्लीला वापरल्याचं त्यांच्याच स्टोअरच्या रजिस्टरमध्ये निघालं. उरलेल्या 2.6 लाखांवर क्वालिटीवाले अडून बसलेत. "पत्र मागे घ्या, मग बघू" म्हणायलेत. मागे घ्यावं का?

फाइलवाली

आधी त्यांच्याकडून सही-शिक्क्याचं बॅलन्स कन्फर्मेशन घ्या, त्यात मान्य रक्कम वेगळी आणि वादातले 2.6 लाख वेगळे लिहून. ते हातात आल्यावर ट्रिब्युनलला कळवा की मान्य रकमेपुरतं समाधान झालं, 2.6 बद्दलचं म्हणणं कायम. पूर्ण मागे घेतलंत तर त्या 2.6 साठी तुमच्याकडे दबावाचं काहीच उरत नाही. स्कीमच्या मंजुरीसाठीच्या दुसऱ्या अर्जाची सुनावणी किमान दहा दिवस आधी पेपरात जाहीर करावी लागते, एक इंग्रजी आणि एक मराठी. ती जाहिरात बघत राहा.

जालना_सळई

मी पण माझ्या 52 लाखांचं कन्फर्मेशन मागून घेतलं मग. धाकटीनं 49 लिहून दिलं. तीन लाख कुठं गेले विचारतोय. ताई, मंजुरीनंतर बिल कुणाच्या नावानं काढायचं?

फाइलवाली

आदेशाची प्रमाणित प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांत ती रजिस्ट्रारकडे दाखल करावी लागते. बहुतेक स्कीममध्ये ती दाखल झाली की स्कीम अमलात येते. तोपर्यंत धाकटीच्याच जीएसटी नंबरवर बिल काढा, त्यानंतर मोठीच्या. आधीच मोठीच्या नंबरवर काढलंत तर त्यांचं क्रेडिट अडकेल आणि तुमचं पेमेंटही. परचेसकडून नवी पीओ लेखी घ्या, तोंडी नको. आणि ते तीन लाख आत्ताच सोडवा. विलीन झाल्यावर धाकटीचं अकाउंट्स ऑफिस राहत नाही, विचारायचं कुणाला हेच कळत नाही.

वाळूजचा_टर्नर

जाहिरात आली. सुनावणी पुढच्या महिन्यात. 2.6 वर क्वालिटीवाले आता म्हणतात, तो माल अजून त्यांच्या स्क्रॅप यार्डात पडलाय, येऊन मोजा. सोमवारी मायक्रोमीटर आणि बोअर गेज घेऊन जातोय. कुणाला अशा मोजमापाचा पंचनामा कसा लिहायचा माहीत असेल तर सांगा, त्यांच्या माणसाची सही त्याच कागदावर घ्यावी लागेल ना?